घरचा ताळेबंद (लेखांक ८) : तेजीत फुगलेला वाटा

मागच्या लेखांकात आपण घरच्या बचतीची विभागणी ठरवली होती : किती पैसे ठेवीत, किती मोठ्या कंपन्यांच्या फंडात आणि किती छोट्या कंपन्यांच्या, म्हणजे स्मॉलकॅप फंडात. ती ठरवताना आपण डोके शांत ठेवून बसलो होतो. आता प्रश्न असा की, लागोपाठ चार-पाच वर्षे बाजार चढत राहिला तर त्या विभागणीचे काय होते, आणि ती ठरवणाऱ्या माणसाचे काय होते? उदाहरण दूरचे नाही. २३ मार्च २०२० रोजी, कोरोनाच्या घबराटीत, निफ्टी ७,६१० वर बंद झाला. २६ सप्टेंबर २०२४ रोजी तो २६,२१६ वर होता. साडेचार वर्षांत साडेतीन पटींच्या आसपास. याच काळात देशातली डिमॅट खाती चार कोटींच्या आसपास होती ती सतरा कोटींच्या वर गेली. एकाच माणसाची दोन-तीन खाती असतात हे धरले तरी त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. २०२४ मध्ये बाजारात असलेल्या बहुसंख्य लोकांनी स्वतःचे पैसे निम्मे झालेले कधी पाहिलेच नव्हते. अहिल्यानगर जिल्ह्यातला संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरचा शिक्षक, साखर कारखान्यातला नोकरदार, मोबाइलवर फंड घेणारा तरुण दुकानदार हे सगळे याच गर्दीत आले.

अशा काळात जो आत्मविश्वास येतो त्याला नुसता मूर्खपणा म्हणणे सोपे आहे, पण त्यातून काही कळत नाही. तो आत्मविश्वास अनुभवातूनच येतो, आणि म्हणून तो खरा वाटतो. सायमन जर्व्हे आणि टेरन्स ओडीन या दोन अभ्यासकांनी २००१ मध्ये एक मांडणी केली. नवा गुंतवणूकदार आपल्याला किती कळते हे निकालांवरून शिकत असतो. पण यश आले की त्याचे श्रेय तो जरा जास्तच स्वतःकडे घेतो आणि अपयश आले की परिस्थितीकडे बोट दाखवतो. चढत्या बाजारात जवळजवळ प्रत्येक निर्णयाला यश येत असल्याने हा हिशेब दरवर्षी थोडाथोडा चुकत जातो. त्याआधी, २००० मध्ये, ओडीन आणि ब्रॅड बार्बर यांनी अमेरिकेतल्या एका दलाली संस्थेकडच्या साठ हजारांहून अधिक कुटुंबांची १९९१ ते १९९६ मधली खाती तपासली होती. त्या वर्षांत बाजाराने वर्षाला सरासरी १७.९ टक्के दिले. सर्वाधिक खरेदी-विक्री करणाऱ्या कुटुंबांच्या हाती ११.४ टक्के पडले. म्हणजे ते तोट्यात नव्हते. फायद्यात होते, आणि म्हणूनच आपण बाजारापेक्षा मागे पडतो आहोत हे त्यांच्या ध्यानात येण्याचे काही कारण नव्हते. तेजीतली सगळ्यात फसवी जागा हीच : चूक झाली तरी पैसे वाढतात.

आपल्याकडचा पुरावा याहून कडवट आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये फ्यूचर्स आणि ऑप्शन्सच्या व्यवहारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत, म्हणजे ऐन तेजीत, या व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांवर पोहोचला. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे, सलग तोटा झालेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त लोक तरीही खेळत राहिले. आजूबाजूला सगळ्यांचे वाढते आहे असे दिसत असताना आपला तोटा तात्पुरता वाटतो.

आजूबाजूचे वातावरण माणसाच्या डोक्यातला एक आकडा कसा हलवते, हे पाहायला शेवगाव तालुका पुरेसा आहे. या वर्षांत तिथे शेअर बाजारात पैसे लावून दरमहा घसघशीत ठरावीक परतावा देतो, असे सांगणारी माणसे गावोगाव उभी राहिली. शेतकऱ्यांनी, नोकरदारांनी, काहींनी कर्ज काढून पैसे दिले. सुरुवातीला परतावा मिळालाही. २०२४ मध्ये एकेक जण गाशा गुंडाळून पसार होऊ लागला, पोलिसांत गुन्हे दाखल झाले आणि ठेवीदार रस्त्यावर आले. ही सरळ फसवणूक होती. बाजार पडल्याने झालेले नुकसान नव्हे, आणि दोन्हींची गल्लत करू नये. पण फसवणुकीला गिऱ्हाईक का मिळाले, हा प्रश्न आपल्या विषयाचा आहे. दरमहा १० टक्के हा दर घ्या. व्याजावर व्याज धरले तर वर्षात एका लाखाचे तीन लाख चौदा हजार होतात. २०१३ साली कुणी असे सांगितले असते तर पारावरच्या म्हाताऱ्यानेही हसून उडवले असते. २०२३ मध्ये ते हसण्यावारी गेले नाही, कारण शेजाऱ्याचा स्मॉलकॅप फंड खरोखरच वर्षात चाळीस-पन्नास टक्के वाढलेला दिसत होता. वाजवी परतावा किती, याची कल्पना सरकली होती. ज्यांनी शेवगावला एक रुपयाही दिला नाही, त्यांच्याही डोक्यातला आकडा सरकलाच होता, फक्त त्यांना त्याची किंमत वेगळ्या मार्गाने मोजावी लागणार होती.

म्हणून अतिआत्मविश्वास ओळखण्यासाठी बाजाराकडे पाहण्यापेक्षा स्वतःच्या कागदांकडे पाहणे जास्त उपयोगी, असे माझे म्हणणे आहे. बाजार महाग आहे की नाही यावर दोन अभ्यासू माणसे वर्षभर वाद घालू शकतात. तुमच्या घरात काय बदलले, यावर वाद होत नाही, ते मोजता येते. पहिली खूण वर आलीच : पुढच्या दहा वर्षांसाठी तुम्ही किती परतावा गृहीत धरता? मुलीच्या शिक्षणाचा किंवा घराच्या हप्त्याचा हिशेब मांडताना २०१९ मध्ये १० किंवा ११ टक्के धरला होता आणि २०२४ मध्ये त्याच वहीत १५ किंवा १८ लिहिला असेल, तर कंपन्यांच्या नफ्याबद्दल तुम्हाला नवे काही कळले म्हणून तो बदलला का, हे स्वतःलाच विचारा. बहुतेक वेळा फक्त मागची पाच वर्षे बदललेली असतात. दुसरी खूण तुलनेची. आपल्या सगळ्या फंडांचे एकत्रित विवरण काढता येते, त्यातल्या तारखा आणि रकमांवरून खरा वार्षिक परतावा, म्हणजे एक्सआयआरआर काढता येतो. तो ठेवीच्या व्याजाशी न जुळवता त्याच काळातल्या साध्या निर्देशांक फंडाशी जुळवा. आपण निवड चांगली केली, असे ज्यांना ठामपणे वाटते त्यांच्यापैकी अनेकांना इथे पहिल्यांदा कळते की, निवड बाजाराने केली होती.

तिसरी खूण घरातल्या राखीव ठेवीची, आणि मला ती सर्वांत खरी वाटते. सहा महिन्यांच्या खर्चाची ठेव 'पडून राहते, काही देत नाही' म्हणून मोडली का? विम्याचा हप्ता चुकवून एसआयपी वाढवली का? सोनेतारण किंवा पीककर्जाचे पैसे बाजारात गेले का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर हो असेल, तर पुढचे काहीही वाचण्याआधी ते कर्ज फेडावे. पडत्या बाजारात धीर धरा, हा सल्ला ज्याच्या मागे वसुलीची नोटीस आहे त्याला पाळता येत नाही.

या तिन्ही खुणा मनाने केलेल्या बदलांच्या आहेत. पण तेजी आणखी एक बदल करते, ज्यात मनाचा काहीच सहभाग लागत नाही, आणि तो अनेकांच्या नजरेतून सुटतो. तो आकड्यांतच पाहू. एक काल्पनिक कुटुंब धरू. डिसेंबर २०१९ च्या शेवटी त्यांच्याकडे दहा लाख रुपये आहेत. पाच लाख बँकेच्या मुदत ठेवीत, अडीच लाख निफ्टीच्या निर्देशांक फंडात आणि अडीच लाख स्मॉलकॅप निर्देशांकाच्या फंडात. म्हणजे ५०, २५, २५ अशी विभागणी. त्यानंतर त्यांनी काहीही केले नाही. सप्टेंबर २०२४ च्या शेवटापर्यंत निफ्टी १२,१६८ वरून २५,८११ वर गेला, म्हणजे २.१२ पट. स्मॉलकॅप निर्देशांक तिपटीहून अधिक झाला; आपण हिशेबाला ३.२ पट धरू. ठेवीवर सरासरी ६ टक्के व्याज धरू. लाभांश आणि फंडाचा खर्च सोडून दिला, तर ठेव ६.६ लाख, निफ्टी फंड ५.३ लाख आणि स्मॉलकॅप फंड ८ लाख होतो. एकूण १९.९ लाख. पैसे जवळपास दुप्पट झाले याचा आनंद रास्त आहे. आता विभागणी पाहा : ठेव ५० टक्क्यांवरून ३३ वर आली, निफ्टी २७ वर आणि स्मॉलकॅप २५ वरून ४० टक्क्यांवर गेले. डिसेंबर २०१९ मध्ये कुणी या कुटुंबाला विचारले असते की, तुमच्या आयुष्यभराच्या बचतीतले ४० टक्के सर्वांत जास्त हेलकावे खाणाऱ्या कंपन्यांत घालता का, तर त्यांनी साफ नकार दिला असता. पाच वर्षांनी त्यांनी तेच केले होते, आणि त्यासाठी एकाही कागदावर सही करावी लागली नव्हती.

पुढे काय झाले ते आपल्याला माहीत आहे. सप्टेंबर २०२४ च्या शिखरापासून निफ्टी ४ मार्च २०२५ रोजी २२,०८२ पर्यंत घसरला, सुमारे १६ टक्के. स्मॉलकॅप निर्देशांक साधारण पावभागाने पडला. आपल्या कुटुंबाचे नुकसान जवळपास २.८५ लाख झाले. सप्टेंबरमध्येच त्यांनी पुन्हा ५०, २५, २५ करून घेतले असते, म्हणजे दहा लाख ठेवीत आणि पाच-पाच लाख दोन फंडांत, तर नुकसान २.०५ लाख झाले असते. फरक ऐंशी हजारांचा. खरे सांगायचे तर हा फरक काही थरारक नाही, आणि ज्यांना मोठा आकडा दाखवून घाबरवायचे असते ते हे उदाहरण देणार नाहीत. २०२५ ची घसरण मध्यम स्वरूपाची होती, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून तेच पैसे २००८ च्या कसोटीवर लावून पाहू. त्या वेळीही आधीची पाच वर्षे झकास गेली होती. २००५, २००६ आणि २००७ या तिन्ही वर्षांत सेन्सेक्स ४० टक्क्यांहून अधिक वाढला होता. जानेवारी २००८ मध्ये रिलायन्स पॉवरच्या समभागविक्रीला सत्तर पटींच्या आसपास मागणी आली आणि ४५० रुपयांचा तो शेअर फेब्रुवारीत नोंदणीच्याच दिवशी त्या भावाखाली बंद झाला. ८ जानेवारी २००८ ला २०,८७३ वर बंद झालेला सेन्सेक्स ९ मार्च २००९ ला ८,१६० वर होता, ६१ टक्के खाली. मुंबई शेअर बाजाराचा स्मॉलकॅप निर्देशांक तर सुमारे ८० टक्के पडला. अशा घसरणीत विभागणी न दुरुस्त केलेल्या कुटुंबाचे १९.९ लाखांतले ९.६ लाख जातात. दुरुस्त केलेल्याचे ७ लाख. अडीच लाखांहून मोठा फरक. शिवाय एकाच्या हाती दहा लाखांची ठेव शाबूत असते आणि दुसऱ्याच्या हाती साडेसहा. मुलाची फी, आजारपण, घराची दुरुस्ती यासाठी तळाच्या भावात फंड विकावा लागतो की नाही, हे त्या ठेवीवर ठरते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : घसरण केव्हा येणार, हे कुणाला कळते का? नाही. म्हणूनच वरच्या हिशेबात कुठेही भाकीत नाही. मार्च २०२४ मधली एक घटना यासाठी नीट पाहण्यासारखी आहे. सेबीने फेब्रुवारीतच स्मॉलकॅप आणि मिडकॅप फंडांना ताणचाचणी करायला सांगितली होती, म्हणजे गुंतवणूकदारांनी एकदम पैसे मागितले तर फंडाला आपल्याकडचे पाव आणि अर्धे शेअर विकायला किती दिवस लागतील ते दरमहा जाहीर करायला. ११ मार्चला सेबीच्या तेव्हाच्या अध्यक्षा माधवी पुरी बुच यांनी छोट्या कंपन्यांच्या भावांत फेस आल्याचे जाहीरपणे बोलून दाखवले. त्यानंतर आलेल्या आकड्यांत काही मोठ्या योजनांना अर्धा भाग विकायला महिना-दोन महिने लागतील असे दिसले. त्याआधी, २०२३ च्या जुलैतच, निप्पॉन आणि टाटा या फंड घराण्यांनी आपल्या स्मॉलकॅप योजनांत एकरकमी पैसे घेणे थांबवले होते. तेव्हा इशारे होते, आणि ते गुपित नव्हते. १३ मार्च २०२४ रोजी निफ्टी २१,९९७ वर बंद झाला, आणि इशारा ऐकून ज्याने तेव्हा स्मॉलकॅपमधले तीन लाख काढले, त्याला पुढचे सहा महिने स्वतःला मूर्ख म्हणवून घ्यावे लागले. तो निर्देशांक सप्टेंबरपर्यंत आणखी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त चढला. लाखभर रुपये हुकले. पण ४ मार्च २०२५ ला निफ्टी २२,०८२ वर, म्हणजे जवळपास तिथेच होता, आणि स्मॉलकॅपही वर्षापूर्वीच्या पातळीच्या आसपास परतला होता. यातून 'तो बरोबर होता' असे सिद्ध होत नाही. बाजार परत खाली आलाच नसता, तर ते लाख रुपये कायमचे गेले असते. विभागणी दुरुस्त करण्याची ही खरी किंमत आहे, आणि ती मोजायची तयारी नसेल त्याने या वाटेला जाऊ नये. विम्याचा हप्ता जसा वर्षानुवर्षे वाया गेल्यासारखा वाटतो, तसेच हे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : एसआयपी चालू ठेवली की झाले, बाजार शेवटी वर येतोच. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत इतिहास बराचसा या बाजूने आहे. पण मुंबई शेअर बाजाराच्या स्मॉलकॅप निर्देशांकाला जानेवारी २००८ ची पातळी परत गाठायला २०१७ उजाडले. नऊ वर्षे. नववीतली मुलगी तोवर शिक्षण संपवून नोकरीला लागते. आणि एसआयपी चालू ठेवण्याचा निश्चय तेजीत जितका पक्का वाटतो, तितका तो नसतो. जानेवारी २०२५ मध्ये, बाजार फक्त दहा-बारा टक्के खाली असताना, देशात ५६ लाख नव्या एसआयपी सुरू झाल्या आणि ६१ लाख बंद झाल्या किंवा संपल्या. त्यातला काही भाग जुन्या नोंदींच्या सफाईचा होता, असे फंड उद्योगाच्या संघटनेने सांगितले, आणि ते खरे मानले तरी दिशा स्पष्ट आहे. आपण दीर्घ मुदतीचे गुंतवणूकदार आहोत, असे लोकांना भाव चढत होते म्हणून वाटत होते.

तरुण वाचक म्हणतील की, आम्हाला तीस वर्षे आहेत, आम्ही ५० टक्के ठेवीत का ठेवू? ठेवू नका. ८० टक्के शेअरमध्ये ठेवायचे ठरवले असेल तर तेही चालेल. मुद्दा आकड्याचा नाही, तो कुणी ठरवला याचा आहे. तुम्ही ठरवलेले ८० जर बाजाराने ९२ केले असतील, तर वरचे १२ तुमचे नाहीत. आणि हा नियम उलट्या बाजूनेही पाळावा लागतो. मार्च २०२० मध्ये शेअरचा वाटा घटला होता, तेव्हा ठेवीतून पैसे काढून फंडात घालणे हे त्याच नियमाचे दुसरे टोक होते. जो फक्त विकायच्या वेळी नियम आठवतो आणि घ्यायच्या वेळी विसरतो, त्याने भीतीलाच नियमाचे नाव दिलेले असते.

आता प्रत्यक्ष कसे करायचे. वर्षातून एकदा, तारीख आधी ठरवून, घरातल्या सगळ्या पैशांची यादी करावी : बँकेतल्या आणि पतसंस्थेतल्या ठेवी, भविष्य निर्वाह निधी, पोस्टातली खाती, सोने, फंड, शेअर. पती आणि पत्नी दोघांची एकत्र, कारण जोखीम घराची असते, खात्याची नसते. ठरवलेल्या वाट्यापासून पाच टक्के-बिंदूंपेक्षा कमी फरक असेल तर काही करू नये. जास्त असेल तर आधी नव्या पैशांनी दुरुस्ती करावी : बोनस, उसाचे बिल, पगारातली वाढ यांचे पैसे कमी पडलेल्या बाजूला वळवावेत. यात विकावे लागत नाही आणि कर लागत नाही. आपल्या कुटुंबाच्या बाबतीत तेवढ्याने भागणार नाही, फरक १७ टक्के-बिंदूंचा आहे. त्यांना स्मॉलकॅपमधून सुमारे तीन लाख आणि निफ्टी फंडातून तीस हजार काढावे लागतील.

कराचा हिशेब इथे अनेकांना अडवतो, म्हणून तो पूर्ण करू. २३ जुलै २०२४ पासून शेअर फंडांतल्या एक वर्षाहून जुन्या नफ्यावर, वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या रकमेवर, साडेबारा टक्के कर आहे. वर्षाच्या आतल्या नफ्यावर वीस टक्के. त्यामुळे जुने युनिट आधी पाहावेत. एकाच योजनेत एसआयपी असेल तर विक्रीत सर्वांत जुने युनिट आपोआप आधी जातात. स्मॉलकॅपमधल्या आठ लाखांत मूळ रक्कम अडीच लाख आहे. म्हणून काढलेल्या तीन लाखांत नफा सुमारे २.०६ लाख. निफ्टी फंडाच्या तीस हजारांत सोळा हजार. एकूण २.२२ लाख. सगळे एका वर्षात विकले तर सव्वा लाख वजा जाऊन ९७ हजारांवर साडेबारा टक्के आणि उपकर, असा साडेबारा हजारांच्या घरात कर बसतो. निम्मे मार्चमध्ये आणि निम्मे एप्रिलमध्ये विकले, आणि त्या दोन्ही वर्षांत शेअर किंवा फंडातला दुसरा नफा नसेल, तर प्रत्येक वर्षाचा नफा १.११ लाख राहतो आणि कर शून्य होतो. पण तारीख सप्टेंबरची असेल तर? मग निम्म्यासाठी सहा महिने थांबायचे की कर भरायचा, हे ठरवावे लागते. मी तरी कर भरावा म्हणेन. साडेबारा हजार वाचवण्यासाठी दीड लाख रुपये सहा महिने स्मॉलकॅपमध्ये ठेवले आणि तो पावभाग पडला, तर जवळपास अडतीस हजार जातात. पडला नाही तर वाचलेला कर आपला, हेही खरे, पण तो डाव कराच्या नावाखाली बाजारावर लावलेला असतो.

हे सगळे गाजावाजा न करता करावे, असे मी म्हणतो, त्याला व्यावहारिक कारण आहे. कट्ट्यावर 'मी बाहेर पडलो, आता बाजार पडणार' असे सांगितले की, आपण एका भाकिताला बांधले जातो. बाजार पुढचे चार महिने चढला की लोक विचारतात, आणि तोंड राखण्यासाठी माणूस एकतर सगळेच विकतो किंवा शिखराजवळ सगळे परत घेतो. वीसपैकी तीन रुपये हलवलेल्या माणसाला कुणी विचारत नाही आणि त्याला काही सिद्धही करावे लागत नाही. त्याचे निम्मे पैसे अजून बाजारात आहेत. चढला तरी तो फायद्यात असतो.

पारनेर किंवा नेवाशाच्या कांदा उत्पादकाला मात्र वेगळा हिशेब लागेल. त्याचे उत्पन्नच बाजारावर चालते. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांदा निर्यात बंद केली आणि भाव कोसळले. ती बंदी मे २०२४ मध्ये उठली. नेमक्या त्याच महिन्यांत शेअर बाजार चढत होता, म्हणून फंड विकून गरज भागवता आली. दोन्ही एकदम पडले असते तर? ज्याचा पगार ठरलेला आहे त्या शिक्षकाला ५० टक्के शेअर पेलतील, तेव्हा या शेतकऱ्याने ३० वरच थांबावे. शेजाऱ्याची विभागणी उचलू नये.

आणि काढलेले पैसे कुठे ठेवायचे, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात शेवटचा नाही, पहिला आहे. शेअरमधून काढलेली रक्कम जास्त व्याजाच्या मोहाने कुठल्याही पतसंस्थेत टाकली, तर जोखीम कमी होत नाही, तिचे फक्त नाव बदलते. शतकभराहून जुन्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रद्द केला. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे प्रति ठेवीदार, प्रति बँक पाच लाखांपर्यंत संरक्षण असते, ते तिथल्या ठेवीदारांनाही होते. पाच लाखांच्या वरच्या रकमेचे काय, ते मालमत्तेच्या वसुलीवर अवलंबून राहते. पतसंस्थेच्या ठेवीला हे विम्याचे संरक्षण मुळीच नाही. म्हणून आपल्या कुटुंबाच्या दहा लाखांची ठेव दोन बँकांत आणि पती-पत्नीच्या स्वतंत्र नावांवर, व्याजासकट पाच लाखांच्या आत बसेल अशी विभागावी. पोस्टाच्या योजना आणि अल्प मुदतीचे सरकारी रोखे हेही चालतील. पतसंस्थेत पैसे ठेवायचेच असतील, तर यादीत ते ठेवीच्या रकान्यात न लिहिता जोखमीच्या रकान्यात लिहावेत. पतसंस्थेचा ताळेबंद सर्वसाधारण सभेच्या अहवालात छापलेला असतो. तो कसा वाचायचा आणि त्यातला थकबाकीचा आकडा कुठे दडलेला असतो, ते पुढच्या आठवड्यात पाहू.